सॉफ्टवेअर बंद पडलं तर ग्राहकांना कधी, काय आणि कसं कळवायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या हळदीची आवक वाढते. सौदा संपला की अडत दुकानांत पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशोब, करायची घाई सुरू होते. अशा दुपारी पट्टीचं सॉफ्टवेअर अडकलं, तर ते चालवणाऱ्या छोट्या कंपनीचा फोन पाच मिनिटांत वाजायला लागतो. पलीकडचा आवाज साधारण असा असतो: "ओ दादा, बंद पडलंय काय? हितं शेतकरी दारात बसलाय, गाडी भरून आलाय तासगावच्या पुढनं. पट्टी हातानं करू का थांबू?"

या प्रश्नात सर्व्हर कुठेच नाही. "हातानं करू का थांबू" एवढंच त्याला ठरवायचं आहे. बिघाडाच्या काळात पाठवलेला प्रत्येक मेसेज या एका निर्णयाला उपयोगी पडला पाहिजे. मी ग्राहकसेवेत काम करतो, आणि मेसेज लिहिताना हीच कसोटी लावतो. पुढचं उदाहरण समजायला सोपं जावं म्हणून रचलेलं आहे, पण बिघाडाचा प्रकार नेहमीचा आहे. एका कंपनीचं सॉफ्टवेअर सव्वाशेच्या आसपास अडत दुकानं वापरतात. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे. दुपारी १.१० ला डेटाबेसची डिस्क भरली.

आधी स्वतः करून बघा

पहिला फोन १.१४ ला येतो. एका फोनवरून सगळ्यांना मेसेज टाकू नका. त्या दुकानाचं इंटरनेटही गेलेलं असू शकतं. चाचणीसाठी ठेवलेल्या खात्यात लॉगिन करा आणि ग्राहक जे करतो तेच करा: जुनी पट्टी उघडा, नवी पट्टी सेव्ह करा, प्रिंट काढा. याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि पहिल्या मेसेजचा अर्धा मजकूर इथेच हाती येतो.

डिस्क भरली की लक्षण फसवं असतं. मायएसक्यूएल डेटाबेस लगेच बंद पडत नाही. जागा मिळेल या आशेवर तो लिहिण्याचं काम अडवून ठेवतो. त्यामुळे जुन्या पट्ट्या दिसतात, खातेउतारा निघतो, पण 'सेव्ह' दाबलं की चक्र फिरत राहतं. सर्व्हर चालू आहे की नाही एवढंच बघणारी निगराणी सगळं ठीक असल्याचं सांगते. म्हणून चाचणीत नवी नोंद सेव्ह करून बघायलाच हवी.

हा बारकावा ग्राहकापर्यंत पोहोचणं फार गरजेचं आहे. चक्र फिरताना दिसलं की माणूस पुन्हा सेव्ह दाबतो, मग पुन्हा. डिस्कवर जागा झाली की अडकलेल्या नोंदी एकामागून एक आत जातात आणि एकाच शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या तयार होतात. बिघाड तासाभरात मिटतो, हे दुहेरी हिशोब मात्र मार्चअखेरपर्यंत निस्तरत बसावे लागतात.

पहिला मेसेज: कारण माहीत नसताना

बिघाड खरा आहे हे कळल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पहिला मेसेज गेला पाहिजे. तेव्हा कारण बहुतेक माहीत नसतं, आणि त्यासाठी थांबायचंही नाही. काय चालत नाही, काय चालतंय, कधीपासून, ग्राहकाने आत्ता काय करावं आणि पुढचा मेसेज किती वाजता येईल, एवढं सांगितलं की पुरे. १.२५ चा मेसेज असा असेल:

> मेसेज १ | १२ मार्च, दु. १.२५
> दुपारी १.१० पासून नवी पट्टी आणि नवं बिल सेव्ह होत नाही. जुन्या नोंदी दिसतात, प्रिंटही निघते.
> कृपया सेव्ह पुन्हा पुन्हा दाबू नका, नोंद दोनदा पडू शकते. घाई असेल तर पट्टी हाताने करा.
> कारण शोधतोय. पुढचा मेसेज दु. १.५५ ला.

"काही तांत्रिक कारणास्तव सेवा विस्कळीत झाली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य यात नाही. त्यात खोटं काही नाही, पण ते वाचून दुकानदाराला काहीच ठरवता येत नाही. दुकानदाराच्या भाषेत तुटलेली गोष्ट 'नवी पट्टी' आहे, 'सेवा' नाही. मेसेजमध्ये त्याच्या स्क्रीनवर दिसणारी नावंच वापरा.

अंदाजाने कारण लिहायचा मोह इथे होतो. "बहुतेक इंटरनेट लाइनचा प्रॉब्लेम आहे" असं लिहिलंत, तर सव्वाशे दुकानांतले लोक राऊटर बंद-चालू करत बसतात आणि अर्ध्या तासाने तुम्हाला तेच वाक्य मागे घ्यावं लागतं. "कारण शोधतोय" हे पूर्ण उत्तर आहे.

मेसेजचा क्रमांक, तारीख आणि वेळ मजकुरातच लिहायची. व्हॉट्सॲपवर मेसेज पुढे पाठवला की मूळ पाठवल्याची वेळ त्याच्याबरोबर जात नाही. पेठेतल्या एखाद्या ग्रुपवर तुमचा पहिला मेसेज तीन वाजता फिरायला लागला, तर सॉफ्टवेअर सुरू झाल्यावरही लोक फोन करून "अजून बंदच का?" विचारतील.

पुढच्या मेसेजची वेळ आणि दुरुस्तीची वेळ

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ त्या एक केल्याने होतो. सर्व्हर किती वाजता सुरू होईल हे तुमच्या हातात नाही. १.५५ ला मेसेज पाठवणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून शब्द द्यायचा तो मेसेजचा.

"थोड्या वेळात कळवतो" म्हटलं की ग्राहक दर पाच मिनिटांनी फोन करतो, कारण त्याच्या दृष्टीने थोडा वेळ कधीच होऊन गेलेला असतो. घड्याळातली वेळ दिली की तो तोपर्यंत हातावर पट्ट्या लिहितो. "अर्ध्या तासात" असंही लिहू नका. वाचणाऱ्याने तो मेसेज कधी उघडला त्यावर त्याचा अर्धा तास सुरू होतो.

किती वेळाने कळवायचं हे धंद्यावर ठरवा. दारात शेतकरी बसलेला असताना अर्धा तास ठीक आहे. तोच बिघाड रात्री अकराला झाला तर "पुढचा मेसेज सकाळी ८ वाजता, दुकान उघडायच्या आधी" हे पुरतं. काम लांबणार हे कळलं की अंतर वाढवायला हरकत नाही, पण ते आधीच्या मेसेजमध्येच सांगून वाढवायचं. वेळेच्या दहा मिनिटं आधी मोबाइलवर गजर लावा. बिघाडाच्या धांदलीत अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

दुरुस्तीला किती वेळ लागेल असं विचारतातच. तिथे मी एक पद्धत पाळतो. "अमुक वाजेपर्यंत होईल" असं न सांगता "अमुक वाजायच्या आधी होणार नाही" असं सांगायचं. पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोटं ठरतं. दुसरं कामाच्या हिशोबावरून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, आणि हातानं करू का थांबू, याचं उत्तरही त्यातच मिळतं.

दुसरा मेसेज: कारण सापडल्यावर

१.३२ ला तंत्रज्ञ सर्व्हरवर हे बघतो:

```
df -h
```

डेटाच्या डिस्कसमोर 100% दिसतं. जागा रोजच्या बॅकअप फायलींनी खाल्ली आहे. रात्री या फायली दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन इथून पुसल्या जायला हव्यात, ते काम काही दिवसांपासून अडलं होतं. म्हणजे या फायलींची दुसरी प्रत कुठेच नाही. पुसून टाकल्या तर दोन मिनिटांत सॉफ्टवेअर सुरू होईल, पण अलीकडचे सगळे बॅकअप जातील. म्हणून आधी कॉपी आणि मग पुसणं, असं ठरतं. फायली ६० जीबी आहेत, कॉपीचा वेग सेकंदाला ४० एमबी. म्हणजे साधारण २५ मिनिटं, वर तपासणी. कॉपी १.५० ला सुरू झाली.

दुरुस्त करणाऱ्याने हा हिशोब लिहिणाऱ्याला द्यायचा असतो, आणि लिहिणाऱ्याने ग्राहकाला यातलं किती सांगायचं ते ठरवायचं असतं. ही दोन माणसं वेगळी हवीत. कंपनीत तिघंच असले तरी एक दुरुस्त करेल, एक लिहील आणि एक फोन घेईल. फोन घेणाऱ्याने शेवटचा मेसेज समोर ठेवून तेवढंच बोलायचं. "शेठ, आमचा पोरगा म्हणतोय पाच मिनिटांत होईल" हे फोनवर एकदा गेलं की लेखी मेसेजवर कुणी विश्वास ठेवत नाही.

> मेसेज २ | १२ मार्च, दु. १.५५
> कारण सापडलं: सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरलेली नाही, म्हणून नवी नोंद होत नाही. १.१० आधीच्या नोंदी दिसत आहेत. त्या पूर्ण आहेत का, ते सुरू झाल्यावर तपासून सांगतो.
> बॅकअप सुरक्षित जागी हलवून मगच जागा मोकळी करत आहोत. दु. २.३० च्या आधी सुरू होणार नाही. तोपर्यंत पट्टी हाताने करा.
> पुढचा मेसेज दु. २.२५ ला.

"माझा डेटा गेला का?" हा मनातला पहिला प्रश्न असतो, भले तोंडाने कुणी विचारो न विचारो. त्याला बगल देऊ नका, आणि धीर देण्यासाठी "डेटा शंभर टक्के सुरक्षित" असंही लिहू नका. काय दिसतंय आणि काय तपासायचं राहिलंय, हे वेगळं करून लिहा.

हाताने पट्टी करायला सांगताय तर नंबर कसे द्यायचे तेही सांगता यायला हवं. सॉफ्टवेअरचे चालू नंबर हाताने पुढे नेले तर नंतर दोन पट्ट्यांना एकच नंबर पडतो. 'ह-१, ह-२' अशी वेगळी मालिका सोपी पडते. खरेदीदाराच्या बिलांनाही हे चालतं, कारण जीएसटीच्या नियमात एकाच आर्थिक वर्षात एकाहून अधिक मालिका ठेवता येतात. फक्त प्रत्येक मालिकेत क्रम सलग असला पाहिजे. ही सूचना ग्राहकांना हंगामाआधीच, शांत दिवशी देऊन ठेवा.

सांगण्यासारखं काही नसतानाचा मेसेज

२.२५ वाजतात. कॉपीचा वेग निम्म्यावर आलाय, तीन चतुर्थांश फायली गेल्यात. नवीन काही नाही. इथेच बहुतेक कंपन्या गप्प बसतात, कारण "झालं की एकदमच सांगू" असं वाटतं. पण २.२५ चा शब्द दिलेला आहे.

> मेसेज ३ | १२ मार्च, दु. २.२५
> अजून सुरू झालेलं नाही. बॅकअप हलवायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतोय, सुमारे तीन चतुर्थांश काम झालंय. दु. २.४५ च्या आधी सुरू होणार नाही.
> पुढचा मेसेज दु. २.५५ ला.

अंदाज चुकला तर "जास्त वेळ लागतोय" हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. खाली कुठेतरी लपवलं तर लोक ते शोधून काढतातच, वर चिडतातही.

"सुरू झालं" असं घाईने सांगू नका

२.३८ ला कॉपी संपते, २.४० ला जागा मोकळी होते आणि नोंदी आत जायला लागतात. तंत्रज्ञ ओरडतो, "झालं!" लगेच मेसेज टाकला तर सव्वाशे दुकानं एकाच वेळी साठलेल्या पट्ट्या भरायला बसतात आणि अडकलेल्या जुन्या नोंदी त्याच गर्दीत आत येत राहतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. चाचणी खात्यातून पट्टी सेव्ह करा, प्रिंट काढा, एका ओळखीच्या दुकानदाराला फोन करून त्याच्याकडे चालतंय का बघा. एकदा "सुरू झालं" सांगून पुन्हा बंद पडलं, तर दुसऱ्यांदा सांगाल तेव्हा कुणी पटकन विश्वास ठेवत नाही.

> मेसेज ४ | १२ मार्च, दु. २.५५
> नवी पट्टी आणि बिल आता सेव्ह होत आहे. हाताने केलेल्या पट्ट्या भरण्याआधी आजची शेवटची नोंद तपासा. १.१० ते २.४० मध्ये सेव्ह दाबलेल्या पट्ट्या आपोआप पडलेल्या असू शकतात. एकच पट्टी दोनदा दिसली तर काढू नका, आम्हाला कळवा.
> अजून लक्ष ठेवून आहोत. पुढचा मेसेज दु. ४ वाजता.

'सुरू झालं' आणि 'संपलं' हे दोन वेगळे मेसेज आहेत. चार वाजता पाचवा जातो: आजचा बिघाड संपला, १.१० आधीच्या नोंदी तपासल्या त्या पूर्ण आहेत, ज्या दुकानांत दुहेरी पट्ट्या सापडल्या त्यांना आज संध्याकाळी स्वतः फोन करतो, सविस्तर अहवाल उद्या संध्याकाळी ६ वाजेपर्यंत. ते फोन मात्र खरंच करा. आपल्या हिशोबात काय चुकलंय हे दुकानदाराला पुढच्या महिन्यात शेतकऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

मेसेज पोहोचतो का?

उत्तम लिहिलेला मेसेज पोहोचलाच नाही तर काय उपयोग? व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. बाकीच्यांना जात नाही आणि तुम्हाला ते लक्षातही येत नाही. नवं दुकान जोडताना त्यांच्या मुनीमजींच्या फोनमध्ये आपला नंबर समोर बसून सेव्ह करून घ्या. मालकापेक्षा मुनीमजींचा नंबर महत्त्वाचा, पट्टी तेच करतात.

एसएमएसचं वेगळंच. आपल्याकडे कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर पाठवणारा आणि मजकुराचा साचा दोन्ही डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात. बिघाडाच्या दिवशी नवा मजकूर सुचून उपयोग नाही. "___ पासून ___ सेव्ह होत नाही. पुढची माहिती ___ ला." असा मोकळ्या जागांचा साचा आधीच मंजूर करून ठेवा. मराठी एसएमएस एकाच भागात पाठवायचा तर त्यात ७० अक्षरचिन्हं मावतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून तिथे फक्त काय बंद आहे आणि पुढची वेळ, बाकी व्हॉट्सॲपवर.

ग्राहकांची यादी आणि मेसेज पाठवायची सोय बंद पडणाऱ्या सर्व्हरवरच असेल, तर पुढे काही बोलायला नकोच. मोठ्या कंपन्यांनाही हे भोवलंय. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा अडकली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पान त्याच सेवेवर अवलंबून असल्यामुळे काही काळ अद्ययावत करता आलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियनने चुकून ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या. त्यांच्याशी संपर्क साधण्याची माहितीही त्या साइटबरोबरच गेली होती, म्हणून कळवायलाच उशीर झाला. सांगलीतल्या छोट्या कंपनीने दर महिन्याच्या एक तारखेला ग्राहकांची नावं-नंबर एका कागदावर छापून टेबलाच्या खणात ठेवले, तरी हा धोका टळतो.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल

एक पान पुरे. काय घडलं ते वेळेनुसार, का घडलं, कुणाच्या नोंदींवर काय परिणाम झाला आणि आता काय बदलणार. 'का' लिहिताना डिस्क भरली इथे थांबू नका. ती भरतेय हे आधी का कळलं नाही, हेही लिहा: बॅकअप हलवायचं काम अडल्याची सूचना कुणालाच जात नव्हती. कर्मचाऱ्याचं नाव घालू नका, आणि डेटा सेंटरवरही ढकलू नका. दुकानदाराचा करार तुमच्याशी आहे.

बदल लिहिताना तारीख द्या: डिस्क ८० टक्के भरली की दोघांच्या फोनवर सूचना, १५ मार्चपासून. "खबरदारी घेऊ" हा बदल नव्हे. बदल झाला की त्या दिवशी एका ओळीचा मेसेज टाका.

बिघाडाचं मूळ सायबर हल्ल्यात निघालं तर गोष्ट बदलते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा ग्राहकांना काय बंद आहे, त्यांनी काय करायचं आणि पुढचा मेसेज कधी, हे नेहमीसारखंच सांगायचं. हल्ला कसा झाला याचा तपशील मात्र वाट बंद होईपर्यंत मेसेजमध्ये घालायचा नाही, आणि पासवर्ड बदलायला सांगायचं असेल तर ते पहिल्याच ओळीत.